ग्रुपमधल्या गृहपाठाचे स्क्रीनशॉट आणि आमची विषयवार यादी

शाळेतल्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ज्या फोनवर आहे, तो फोन संध्याकाळी घरात नसतो. आमच्या बेळगावच्या वडगावात अशी घरं बरीच आहेत. आमचे हे उद्यमबागेतल्या एका मशिन शॉपमध्ये दुसऱ्या पाळीला असतात, दुपारी जातात ते रात्री उशिरा येतात. आठवीतल्या लेकीचा ग्रुप ह्यांच्या नंबरावर आहे. म्हणून हे जेवणाच्या सुट्टीत ग्रुप उघडून दोन-तीन स्क्रीनशॉट काढतात आणि माझ्या फोनवर पाठवतात. त्या चित्रांतून कुठल्या विषयाचं काय आणि ते कधी द्यायचं, हे काढून वहीत मांडणं माझ्याकडे आहे.

वरवर बघितलं तर बघून लिहायचंच काम आहे. पण चित्रात असतो तो गप्पांचा मधलाच एक तुकडा. त्यात मराठीच्या बाई, गणिताचे सर, कन्नडच्या मॅडम आणि मधे मधे प्रश्न विचारणारे पालक, सगळे एकाखाली एक आलेले असतात. ‘उद्या’, ‘परवा’, ‘पुढच्या बुधवारी’ हे शब्द ज्या दिवशी लिहिले त्या दिवसापासून मोजायचे, आणि नेमका तो दिवस चित्रावर स्पष्ट नसतो. म्हणून मी गृहपाठ नंतर वाचते. आधी चित्र कुठल्या दिवसाचं ते ठरवते.

२०२४ च्या जुलैमधल्या एका आठवड्याचं उदाहरण घेते, कारण त्या तीन चित्रांत जवळजवळ सगळ्या अडचणी एकत्र आल्या होत्या.

ही चित्रं माझ्याकडे शुक्रवारी, १२ जुलैला दुपारी आली. पहिल्या चित्रात वर Yesterday अशी पट्टी होती, तिच्याखाली दोन संदेश, मग Today ही पट्टी आणि पुढचे संदेश. आता हे ‘Today’ कुठलं? फोनच्या गॅलरीत चित्राचं नाव बघितलं तर IMG-20240712-WA ने सुरू होणारं होतं, म्हणजे १२ तारीख. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेल्या चित्राला हे नाव व्हॉट्सअ‍ॅप देतं, त्यातली तारीख चित्र आपल्याकडे आल्याची असते. चित्र काढलं कधी, हे त्यावरून कळत नाही. मूळ नाव काढणाऱ्याच्या फोनवर राहतं. ह्यांना फोन करून विचारलं, तर त्यांच्याकडे नाव Screenshot_20240711 असं सुरू होत होतं. काल रात्री जेवताना चित्रं काढली, नेट संपलं होतं म्हणून आज रिचार्ज करून पाठवली. म्हणजे Today हा गुरुवार, ११ जुलै आणि Yesterday हा बुधवार, १० जुलै. हे ठरलं की वहीच्या पानावर डोक्याला पहिल्यांदा तेच लिहायचं: ‘चित्रं गुरुवार ११/७ ची’. त्यानंतरच एकेक संदेश वाचायला घ्यायचा.

पहिला संदेश बुधवारचा, वर्गशिक्षिका बाईंचा: मराठी पाठ ३ चे प्रश्न उद्यापर्यंत वहीत लिहून आणणे. शुक्रवारी बसून हा ‘उद्या’ वाचला तर शनिवार डोळ्यांपुढे येतो. पण संदेश बुधवारचा, म्हणजे मुदत गुरुवारची, ती होऊनही गेली. लेकीला विचारलं, तर म्हणाली, “आई, ते झालंय की. बाईंनी काल वह्या घेतल्या.” तरी मी तो यादीत लिहिला आणि लगेच पुढे बरोबरची खूण केली. न लिहिता सोडला असता तर पुढच्या चित्रात तोच संदेश वरच्या टोकाला दिसल्यावर पुन्हा शोधाशोध झाली असती. एकदा लिहून खूण केली की तो विषय संपला.

दुसरा संदेश गुरुवारचा, गणिताच्या सरांचा: स्वाध्याय २.२, प्रश्न १ ते ६, परवा तपासले जातील. ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही, पण ‘तपासले जातील’ म्हटल्यावर पुढचाच. गुरुवारपासून परवा म्हणजे शनिवार, १३ जुलै. शनिवारी आमच्याकडे सकाळची शाळा, म्हणजे शुक्रवारी रात्रीच वही तयार पाहिजे. मी तसं लिहिलं, पण पेन्सिलीनं. ग्रुपमधलं कुठलंही काम, तिन्ही चित्रं शेवटपर्यंत वाचून होईस्तोवर पेनानं लिहायचं नाही असा माझा नेम आहे. त्याचं कारण तिसऱ्या चित्रात होतं.

तिसऱ्या चित्राच्या खालच्या भागात एक निळसर चौकट दिसत होती. तिच्यात कुणा पालकाचा प्रश्न होता, ‘सर, सगळीच उदाहरणं का?’ आणि त्याखाली सरांचं उत्तर: ५ व ६ नको, शनिवारऐवजी सोमवारी बघतो. उत्तरात विषयाचं नाव नाही, स्वाध्यायाचा नंबर नाही. असं उत्तर एकटं वाचलं तर ते नवीनच काहीतरी काम वाटतं, किंवा कुणाचंही नाही म्हणून सुटून जातं. चौकटीतला मजकूर जुना असतो आणि त्याखालचा नवा, हे धरून वाचलं की जोड लागते. उत्तर देणारे गणिताचे सर, प्रश्न उदाहरणांचा, आणि शनिवारी तपासायचं काम एकच होतं. म्हणून गणिताच्या ओळीत ‘१ ते ६’ खोडून ‘१ ते ४’ केलं, शनिवार खोडून सोमवार, १५ जुलै केलं, आणि शेजारी ‘रात्री ८.१० चा बदल’ असं लिहिलं. वेळ लिहायचा फायदा असा की उद्या कुणी म्हणालं सहाही करायचेत, तर कुठला संदेश नंतरचा हे लगेच सांगता येतं. जुनं काम खोडताना पूर्ण पुसत मात्र नाही, वाचता येईल अशी एकच रेघ मारते.

कन्नडच्या मॅडम कन्नडातच लिहितात आणि ते बरोबरही आहे. मला कन्नड बोललेलं कळतं, वाचताना अडखळायला होतं. लेक वाचते, ती नसली तर शेजारच्या अक्कांना दाखवते. त्या दिवशीचा संदेश पाठ २ ची प्रश्नोत्तरं लिहून सोमवारी आणायची असा होता. वारांची नावं दोन्ही भाषांत सारखीच असल्यानं त्रास होत नाही. फक्त रविवारला कन्नडात भानुवार म्हणतात. त्याशिवाय ‘नाळे’ म्हणजे उद्या आणि ‘नाडिद्दु’ म्हणजे परवा, पुढचाच. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला हे तिन्ही शब्द लेकीकडून कन्नड अक्षरांत लिहून घेतलेत. चित्रावर बोट ठेवून अक्षर जुळवता येतं आणि तेवढ्यावर मुदत निघते. कामाचा मजकूर मग सावकाश वाचून घेतला तरी चालतो.

इंग्रजीचा संदेश सगळ्यांत सोपा होता, धडा २ ची स्पेलिंग, १५/७ ला चाचणी. तारीख अंकात असली की डोकं लावायला लागत नाही. सगळ्याच शिक्षकांनी अशी तारीख घातली तर निम्मं काम कमी होईल, असं मला मनापासून वाटतं. पालकसभेत मी ते बोललेही आहे.

एका संदेशानं मात्र बराच वेळ घेतला. मजकूर एवढाच: पान २४ वरील प्र. ३ व ४ वहीत. विषय नाही, तारीख नाही. पाठवणाऱ्या वर्गशिक्षिका बाई, पण वर Forwarded असं बारीक अक्षरात होतं, म्हणजे दुसऱ्या कुणी दिलेलं बाईंनी पुढे ढकललेलं. बाई मराठी शिकवतात म्हणून हे मराठीचं, असं धरता येत नाही. अशा वेळी आम्ही पुस्तकं काढतो. लेकीनं जमिनीवर सगळी पुस्तकं मांडली आणि प्रत्येकाचं पान २४ उघडलं. मराठीत त्या पानावर धड्याचा मधला भाग होता, प्रश्नच नव्हते. विज्ञानात अर्धं पान आकृती. गणितात उदाहरणं होती, पण तिथे ३ आणि ४ नंबर आधीच्या पानावर संपले होते. समाज विज्ञानात पान २४ वर धड्याखालचे प्रश्न होते, ३ आणि ४ दोन्ही, आणि तो धडा त्याच आठवड्यात शिकवून झालेला. म्हणजे समाज. पान, प्रश्नाचा नंबर आणि वर्गात शिकवून कुठवर आलंय, ह्या तीन गोष्टी एका पुस्तकात जुळल्या की शंका राहत नाही. दोनच जुळल्या तर मी विषयापुढे प्रश्नचिन्ह ठेवते आणि लेकीनं दुसऱ्या दिवशी वर्गात विचारून यायचं.

विषय मिळाला तरी मुदत नव्हतीच. नसलेली तारीख मनानं घालायची नाही, पण रकाना रिकामा ठेवला तर ते काम मागे पडत जातं. म्हणून वेळापत्रक बघायचं: समाजचा पुढचा तास शनिवारी पहिलाच होता. १३ तारीख लिहिली, पेन्सिलीनं, आणि तिच्याभोवती गोल केला. आमच्या यादीत गोलातली तारीख म्हणजे आम्ही धरलेली, शिक्षकांनी सांगितलेली नव्हे. हा फरक दिसायलाच पाहिजे. नाहीतर दोन दिवसांनी आपलाच अंदाज सरांचा शब्द वाटायला लागतो आणि लेकरू त्यासाठी रात्री जागतं.

विज्ञानाचं काम होतं सूक्ष्मजीवांचा तक्ता करून आणायचं, पुढच्या बुधवारी. संदेश गुरुवारचा. आदल्याच दिवशीचा बुधवार होऊन गेलेला, त्यामुळे पुढचा बुधवार म्हणजे १७ जुलै, यात दोन अर्थ निघत नाहीत. हाच संदेश सोमवारी आला असता तर या आठवड्यातला की पुढच्या, हे विचारावंच लागलं असतं. पण कॅलेंडर काढून १७ वर बोट ठेवलं तर त्या दिवशी मोहरमची सुट्टी आणि आषाढी एकादशीही. शाळाच नाही. म्हणून प्रत्येक तारीख वहीत उतरवायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकदा बघायचीच. आमच्याकडे कॅलेंडर कोल्हापूरकडून येतं, त्यात महाराष्ट्रातल्या सुट्ट्या असतात. शाळा कर्नाटकातली, तेव्हा शाळेनं वर्षाच्या सुरुवातीला दिलेली सुट्ट्यांची यादी त्याच कॅलेंडरशेजारी चिकटवली आहे आणि दोन्हींत फरक निघाला तर शाळेची यादी खरी धरते. सुट्टीवर पडलेली मुदत मी आदल्या शाळेच्या दिवसावर घेते, म्हणजे मंगळवार, १६ जुलै, गोलात. आणि पुढे ‘बाईंना विचारणे’ असं लिहिते. काम लवकर तयार असलं तर नुकसान नाही, उलट झालं तर आहे.

एवढं झाल्यावर पेननं उतरवलेली यादी अशी होती:

मराठी: पाठ ३ प्रश्न, वहीत. दिलं १०/७, द्यायचं ११/७. झालं.
गणित: स्वाध्याय २.२, प्र. १ ते ४. दिलं ११/७, द्यायचं सोमवार १५/७. बदल रात्री ८.१०.
कन्नड: पाठ २ प्रश्नोत्तरं, वहीत. दिलं ११/७, द्यायचं सोमवार १५/७.
इंग्रजी: धडा २ स्पेलिंग, चाचणी. दिलं ११/७, सोमवार १५/७.
समाज: पान २४, प्र. ३ व ४, वहीत. दिलं ११/७, शनिवार १३/७ (गोलात).
विज्ञान: सूक्ष्मजीवांचा तक्ता. दिलं ११/७, मंगळवार १६/७ (गोलात), विचारणे.

‘दिलं’ आणि ‘द्यायचं’ ह्या दोन्ही तारखा लिहिण्यावर माझा भर आहे. मुदतीबद्दल शंका आली तर ती कशावरून काढली हे ‘दिलं’ वरून तपासता येतं, चित्रं पुन्हा उघडायला लागत नाहीत.

विषयवार यादी लेकीसाठी सोयीची, कारण ती वही काढते तीच विषयाची. पण विषयवार मांडलं की एक गोष्ट दिसत नाही: सोमवारी तीन कामं एकावर एक आलीत. म्हणून पानाच्या तळाला एक ओळ फक्त तारखांची ओढते. शनि १३ समाज, सोम १५ गणित-कन्नड-इंग्रजी, मंगळ १६ विज्ञान. ती ओळ बघूनच ठरलं की समाज शुक्रवारी रात्री, कन्नड शनिवारी शाळा सुटल्यावर, गणित रविवारी सकाळी, स्पेलिंग रोज थोडी आणि तक्त्यासाठी कार्डशीट शनिवारीच आणून ठेवायची. सोमवारी रात्री कार्डशीट शोधायला दुकान उघडं नसतं.

चित्रं कशी यावीत हेही आता ह्यांच्याशी बोलून ठरवून घेतलंय. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअ‍ॅप ते दाबून लहान करतं आणि ‘प्र. ३’ की ‘प्र. ८’ हे मोठं करूनही कळत नाही. तेच Document म्हणून पाठवलं की चित्र आहे तसं येतं आणि मूळ नावही टिकतं, म्हणजे तारखेचा प्रश्नही तिथेच मिटतो. ग्रुप सरकवताना वर तारखेची पट्टी तरंगते आणि बोट उचललं की थोड्या वेळानं जाते, तर पट्टी असतानाच चित्र काढायचं. लांब संदेश Read more शी तुटतो, तो आधी दाबून उघडायचा. दोन चित्रांत एक संदेश सामाईक ठेवायचा, कारण एकाच माणसाचे संदेश लागोपाठ असले तर नाव फक्त पहिल्यावर येतं आणि चित्र मधून सुरू झालं की बोलणारा कोण हेच कळत नाही. आणि आम्हाला ही चित्रं पुढे कुणाला द्यायची झाली तर इतर पालकांचे नंबर कापूनच देतो.

गूगल लेन्सनं चित्रातला मजकूर उचलून बघितलाय. मराठी आणि कन्नड दोन्ही अक्षरं तो बऱ्यापैकी उचलतो, आणि लांब मजकूर असला तर लिहिण्याचा वेळ वाचतो. पण नावं, वेळा आणि चौकटीतला जुना मजकूर एकाच ओळीत मिसळून येतो, म्हणून कोण, कधी, कशाला उत्तर, हे चित्र समोर ठेवूनच बघावं लागतं. आकडे तर दोनदा. एकदा ‘२.२’ मधला ठिपका गळून ‘२२’ झालेलं, लेकीनं पुस्तकात स्वाध्याय २२ नाहीच म्हटल्यावर कळलं. काम लिहून झालं की प्रत्येक नंबर पुस्तकात आहे का, हे ती बघते. नसलेला नंबर म्हणजे वाचण्यात चूक झाली, ही सगळ्यांत पक्की खूण.

माझी धाकटी जाऊ जांबोटीकडे असते. तिथे रेंजचं काही खरं नसतं, दोन दिवसांचे संदेश एकदम येऊन पडतात. तिला मी एवढंच सांगितलं की फोन कधी वाजला ते सोड, संदेशाच्या कोपऱ्यातली वेळ आणि वरची पट्टी बघ आणि त्यावरून ‘उद्या’ मोज. ती आता वेगळी वही न घालता कॅलेंडरच्या चौकटीतच विषयाचं पहिलं अक्षर लिहिते. तिच्या पोराला एकाच बाई सगळं शिकवतात, त्यामुळे तिला तेवढं पुरतं.

त्या आठवड्यातलं समाजचं शनिवारी बघितलं गेलं. विज्ञानाचं लेकीनं सोमवारी विचारलं. बाई म्हणाल्या, सुट्टी आहे हे लक्षातच नव्हतं, गुरुवारी १८ ला आणा, आणि ग्रुपवरही टाकते. संध्याकाळी तो संदेश आला. यादीत १६ वर एक रेघ, शेजारी पेननं १८/७, गोल नाही. तक्ता तोवर निम्मा झालेला होता, उरलेला तिनं एकादशीच्या दुपारी पुरा केला.